अक्षर बरोबर, चित्र चूक: बैठकीच्या पडद्यावरची मराठी

एका ऑनलाइन व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आहे आणि पडद्याच्या तळाशी विषयाची पट्टी आहे असं धरू: ‘वऱ्हाडी बोली: स्वरूप आणि साहित्य’. हीच ओळ बैठकीच्या चॅटमध्येही चिकटवली आहे. चॅटमध्ये ती ठीक दिसते, पट्टीत मात्र तिचा पार विचका झालेला असतो. ‘साहित्य’मधली वेलांटी ‘ह’ला सोडून ‘त’च्या डोक्यावर जाते आणि ‘त्य’ फुटून पाय मोडलेला ‘त्’ आणि सुटा ‘य’ उरतो. ‘आणि’ची वेलांटी ‘ण’च्या पुढे मोकळ्या जागेत लोंबकळते, ‘वऱ्हाडी’त नुक्ता दिलेला ‘ऱ’ पाय मोडून उभा राहतो. मग कोणीतरी फॉन्ट खराब आहे म्हणून तो बदलतो. पट्टीची ठेवण बदलते, पण वेलांटी आहे तिथेच राहते.

याचं कारण फॉन्टच्या अलीकडे आहे. युनिकोडमध्ये मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमानं साठवतात. ‘हि’ म्हणजे आधी ‘ह’, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची, हे साठवणीत कुठंच नसतं. ‘त्य’ म्हणजे ‘त’, हलन्त आणि ‘य’ अशी तीन चिन्हं, त्यांचं जोडाक्षर करायचं हेही साठवणीत नसतं. ते काम दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या एका वेगळ्या टप्प्याचं. त्याला या क्षेत्रातले लोक शेपिंग म्हणतात. फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार आणि ते कधी वापरायचे याचे नियम असतात. ते नियम वाचून, चिन्हांची जागा बदलून योग्य आकार निवडणारं इंजिन वेगळं असतं. अँड्रॉइड, लिनक्स आणि क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांमध्ये हे काम हार्फबझ करतं. विंडोजला आणि ॲपलला त्यांची स्वतःची इंजिनं आहेत. ज्या प्रोग्रॅमनं हा टप्पाच गाळला, तो चिन्हं आली त्या क्रमानं एकापुढे एक छापतो. त्याला कितीही देखणा फॉन्ट दिला तरी उपयोग नाही.

म्हणून चॅट, थेट कॅप्शन आणि रेकॉर्डिंगवरची पट्टी या तिन्ही जागांसाठी पहिला प्रश्न एकच: इथे अक्षर काढतं कोण? चॅटमध्ये ते वाचणाऱ्याचं यंत्र काढतं. तुमच्याकडून फक्त चिन्हं जातात, समोरचा फोन त्यांची अक्षरं करतो. मीटिंगच्या ॲपमधल्या कॅप्शनचंही बहुतेक तसंच. पट्टी मात्र पाठवणाऱ्याच्या यंत्रावर रंगवली जाते आणि तिथून पुढे ती मजकूर राहतच नाही, चित्राचे ठिपके होते. चॅटमधली चूक समोरच्याचा फोन बदलला की कदाचित सुटेल. पट्टीतली चूक रेकॉर्डिंग असेल तोवर तशीच. सगळी काळजी टायपिंगवर आणि पट्टीवर शेवटच्या पाच मिनिटांत घाई, हा नेहमीचा प्रकार त्यामुळे अगदी उलटा आहे.

बिघाड कोणत्या जातीचा आहे हे पडद्याकडे पाहूनच बरंचसं कळतं. रिकाम्या चौकटी दिसल्या, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि पर्यायी फॉन्टही सापडलेला नाही. अक्षरं आहेत पण वेलांट्या उजवीकडे सरकल्यात आणि जोडाक्षरं सुटी झालीत, तर शेपिंग नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना किंवा हलन्त दिसला, तर चिन्हांचा क्रम चुकलाय किंवा शब्द भलत्या जागी कापला गेलाय. `à¤®à¤°à¤¾` अशी à आणि ¤ ची माळ दिसली, तर मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे आणि वाचणारा प्रोग्रॅम तो जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीत वाचतोय. उपस्थितीची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की बऱ्याचदा हीच माळ भेटते. नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र वाटेत कुठेतरी मूळ चिन्हं टाकून दिली गेली आहेत. ती परत मिळत नाहीत, मजकूर नव्यानं आणावा लागतो.

आता टायपिंग. चॅटमध्ये मराठी लिहिण्याची साधनं आज सगळीकडे आहेत. विंडोजमध्ये इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक बऱ्याच वर्षांपासून आहे, 2019 पासून रोमन अक्षरांनी लिहायचा ध्वन्यात्मक कळफलकही आहे. फोनवर तर विचारायलाच नको. ध्वन्यात्मक कळफलकाची एक खोड बैठकीत फार छळते. शब्द सुचवणारी यादी उघडी असताना निवड पक्की करायला एंटर दाबलं, की काही चॅट तो एंटर स्वतःसाठी आहे असं समजतात आणि अर्धा संदेश पाठवून मोकळे होतात. दोष चॅट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचा, शब्द अजून जुळतोय की नाही हे त्यानं तपासलेलं नसतं. वापरणाऱ्यानं शब्द स्पेस दाबून पक्का करावा, किंवा सरळ इनस्क्रिप्ट वापरावं. तिथे एक कळ म्हणजे एक चिन्ह, यादीचा प्रश्नच नाही.

मराठीचा खास प्रश्न ‘वऱ्हाडी’तल्या त्या आडव्या ‘र’चा. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांत तो बऱ्याचदा तपासलेलाच नसतो. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’, हलन्त, ‘ह’. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं अदृश्य चिन्ह, मग ‘ह’. दोन्ही युनिकोडला मान्य आहेत आणि पडद्यावर सारखेच दिसतात. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. जतन केलेल्या चॅटमध्ये एका पद्धतीनं शोधलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं ‘वऱ्हाड’ सापडेलच असं नाही. शिवाय काही प्रणाली अदृश्य चिन्हं संशयास्पद म्हणून गाळतात. जोडक गेला की मागे ‘र’, हलन्त, ‘ह’ उरतं आणि त्याचा रफार होतो: ‘वर्हाडी’. म्हणून ‘ऱ’ची वाट धरावी हे माझं ठाम मत. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह `J`, मग `d`, मग `u`, एवढंच.

‘ॲड.’ किंवा ‘ॲप’मधलं पहिलं अक्षरही असंच दगा देणारं. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीची सवय म्हणजे ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवणं. ती जोडी युनिकोडच्या नियमांत बसत नाही. काही यंत्रांवर ती निभावून जाते, तर काहींवर ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं. वकिलांच्या नावाच्या पट्ट्यांवर हे वर्तुळ इतकं दिसतं, की ते त्यांच्या पदवीचाच भाग वाटावं. (विसर्गाचंही तसंच. ‘विषयः’ असं लिहून त्याला अपूर्णविराम म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. दिसायला चालून जातं, पण तो विसर्ग आहे आणि तो ‘य’ला चिकटलेला आहे.)

जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चॅटमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, कारण तो आतून इंग्रजीच असतो, मराठी फक्त फॉन्टच्या चेहऱ्यावर असते. निमंत्रणपत्रिका छापखान्यातून आलेली असेल तर तिच्यातलं शीर्षक आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावं, आणि रूपांतरानंतर ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ डोळ्यांनी तपासावेत. परिवर्तक नेमके तिथेच चुकतात.

थेट कॅप्शनमध्ये ऐकून लिहिणारं इंजिन काय ऐकतं हा वेगळा, मोठा विषय आहे. इथे त्यातलं एवढंच: भाषा म्हणून हिंदी निवडलेली असेल तर ते मराठी बोलणं हिंदी शब्दांत कोंबतं, त्याला दिसण्याचा दोष म्हणता येत नाही. आपला प्रश्न पुढचा आहे. शब्द बरोबर ओळखला गेला, आता तो पडद्यावर ओळीत बसवायचा कसा?

इथे गोची मोजणीची. अमेरिकी दूरदर्शनसाठी ठरलेल्या जुन्या कॅप्शन मानकात, ज्याला सीईए-608 म्हणतात, एका ओळीत 32 खाने असतात, एका खान्यात एक अक्षर. त्या मानकाच्या वर्णसंचात देवनागरी नाहीच. त्यामुळे थेट प्रक्षेपणात चित्राच्या आत त्या पद्धतीनं कॅप्शन घालणारं उपकरण मराठीसाठी निरुपयोगी, त्याच्याशी झटापट करू नये. पण 32 हा आकडा मात्र त्या मानकाच्या बाहेरही सवयीनं टिकून आहे. आपली ओळ घ्या: ‘वऱ्हाडी बोली: स्वरूप आणि साहित्य’. डोळ्यांनी मोजली तर अक्षरं तेरा: व, ऱ्हा, डी, बो, ली, स्व, रू, प, आ, णि, सा, हि, त्य. यंत्र मात्र चिन्हं मोजतं. ‘वऱ्हाडी’ची सात, ‘बोली’ आणि अपूर्णविराम मिळून पाच, ‘स्वरूप’ची सहा, ‘आणि’ची तीन, ‘साहित्य’ची सात आणि चार मोकळ्या जागा. बेरीज बरोबर 32. ओळ नेमकी मावते.

आता ‘ऱ्ह’ अदृश्य जोडक घालून लिहा. पडद्यावर काहीच बदललेलं नाही, पण चिन्हं 33 झाली. नुसती चिन्हं मोजून कापणारा प्रोग्रॅम शेवटचा ‘य’ खाली टाकतो. वरच्या ओळीत ‘साहित्’ पाय मोडून उभा, खालच्या ओळीत एकटा ‘य’. मर्यादा 30 ची असती तर पहिल्या पद्धतीची ओळ ‘साहित’वर संपली असती आणि खालची ओळ हलन्तानं सुरू झाली असती. हलन्ताला आधार नाही म्हणून तिथे ठिपक्यांचं वर्तुळ आलं असतं. मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल तर आणखी बिकट. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून आपली ओळ 32 नव्हे, 86 बाइटची होते. चुकीच्या बाइटवर कापलं तर अख्खं चिन्हच फुटतं आणि त्या जागी � दिसतं.

यावर उपाय म्हणजे शब्दाच्या मध्ये कापूच नये, ओळ मोकळ्या जागेवरच मोडावी. फारच लांब शब्द असेल तर अक्षरसमूहाच्या सीमेवर. या सीमा कुठे येतात याचे नियम युनिकोडनंच दिलेले आहेत, पण 2023 मधल्या 15.1 आवृत्तीपर्यंत त्यांत हलन्तानंतर तोडायला मुभा होती, म्हणजे ‘त्य’चे ‘त्’ आणि ‘य’ असे दोन तुकडे नियमानुसारच पडत. नव्या नियमात जोडाक्षर एकसंध राहतं. प्रोग्रॅम कोणत्या आवृत्तीवर चालतो हे बाहेरून कळत नाही, म्हणून कॅप्शनच्या चौकटीत ‘साहित्य’ हा शब्द ओळीच्या टोकाला येईल असं वाक्य बोलून पाहावं. झूमसारख्या ठिकाणी बाहेरून कॅप्शन पाठवण्याची सोय असते आणि माणूस स्वतः टाइप करून ओळी पाठवू शकतो. तिथे हा त्रास सोपा होतो, कारण पूर्ण शब्द झाल्यावरच ओळ सोडणं आपल्या हातात असतं.

तिसरी जागा, म्हणजे पट्टी. इथे थोडं थांबायला हवं, कारण निस्तरता न येणारं नुकसान इथलं. रेकॉर्डिंगसाठी बहुतेकांच्या हाती ओबीएस स्टुडिओ असतो. त्यात मजकूर घालायचा स्रोत विंडोजवर `Text (GDI+)` असतो. तो विंडोजच्या इंजिनाकडून अक्षरं काढून घेतो, त्यामुळे मराठी बरोबर येते. मॅक आणि लिनक्सवर मात्र `Text (FreeType 2)` मिळतो. फ्रीटाइप हे फॉन्टमधले आकार ठिपक्यांत उतरवणारं उत्तम साधन आहे, पण शेपिंग त्याचं काम नाही आणि हा स्रोत ते दुसऱ्या कोणाकडून करूनही घेत नाही. सुरुवातीला सांगितलेली ‘साहित्य’ची दुर्दशा नेमकी इथली. विंडोजवर तयार केलेली मांडणी मॅकवाल्या सहकाऱ्याकडे गेली आणि पट्टी बिघडली, तर दोघांच्या फॉन्टची तुलना करण्यात दिवस घालवू नये.

तिन्ही यंत्रणांवर सारखं चालणारा मार्ग म्हणजे `Browser` स्रोत. तो आतून क्रोमचंच इंजिन वापरतो, म्हणजे शेपिंग आपोआप मिळतं. पट्टी एका छोट्या एचटीएमएल फाइलमध्ये लिहायची आणि ती फाइल स्रोत म्हणून द्यायची:

```html
<meta charset="utf-8">
<style>
  p { font-family: "Mukta", "Noto Sans Devanagari",
        "Nirmala UI", sans-serif;
      font-size: 44px; line-height: 1.6; letter-spacing: 0;
      color: #fff; background: #222; padding: 4px 24px; }
</style>
<p lang="mr">वऱ्हाडी बोली: स्वरूप आणि साहित्य</p>
```

पहिली ओळ नसेल तर à¤ ची माळ येण्याचा धोका. `lang="mr"` शोभेला नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ वेगळे दिलेले असतात, त्यांना ते वापरायचे की हिंदी वळणाचे हे यावरूनच कळतं. `line-height` मोठा ठेवला आहे कारण इंग्रजीच्या मापानं आखलेल्या चौकटीत ‘मूर्तींची’मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार यांचा डोक्यावरचा ढीग वर कापला जातो, आणि ‘मू’चा ऊकार खाली. `letter-spacing` शून्य, कारण इंग्रजी पट्ट्यांत अक्षरं ऐसपैस करायची हौस मराठीत शिरोरेषेचे तुकडे पाडते. आणि मागे गडद पट्टा दिला आहे. अक्षराभोवती बाह्यरेषा काढली तर अनेक साधनांत जोडाच्या जागी, म्हणजे जिथे एका आकाराची शिरोरेषा दुसऱ्याला मिळते तिथे, काळ्या फटी दिसतात.

आकार हाही नुसता आवडीचा भाग नाही. चलचित्र दाबून साठवताना बारीक तपशील आधी जातात आणि मराठीत सगळ्यात बारीक तपशील म्हणजे अनुस्वार. ‘मुलांनी’ आणि ‘मुलानी’ यांत एका ठिपक्याचा फरक आहे. पट्टी रेकॉर्ड करून, ती फाइल फोनवर उघडून टिंब दिसतंय का ते पाहावं. संपादनाच्या मोठ्या पडद्यावर ते नेहमीच दिसतं. जाता जाता: बैठकीच्या ॲपमध्ये स्वतःच्या चौकटीत आपली पट्टी आरशातल्यासारखी उलटी दिसते, म्हणून ती उलटवून देणारे असतात. आरसा फक्त आपल्याला दिसतो, इतरांना ती सुलटच जाते. तिला हात लावू नये.

रेकॉर्डिंग झाल्यावर एफएफएमपेगनं मजकूर चढवायचा असेल तर तिथेही तोच प्रश्न. त्याच्या `drawtext` या गाळणीला 2023 च्या 6.1 आवृत्तीपासून हार्फबझ लागतंच. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते नव्हतं, आणि जुन्या सर्व्हरवर जुनीच आवृत्ती पडून असते. `ffmpeg -version` दिल्यावर येणाऱ्या मजकुरात `--enable-libharfbuzz` आहे का पाहावं. नसेल तर उपशीर्षकांची वाट घ्यावी. ती `libass` मधून जाते आणि तिच्याकडे शेपिंग फार आधीपासून आहे:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vf "subtitles=patti.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari'" -c:a copy vyakhyan-mr.mp4
```

`patti.srt` यूटीएफ-8 मध्ये जतन केलेली असावी. फॉन्टचं नाव यंत्रावर बसवलेल्या फॉन्टशी जुळलं नाही, तर कोणता तरी दुसराच फॉन्ट गुपचूप वापरला जातो आणि काम नीट झालं असं वाटतं. आज्ञा चालताना खिडकीत कोणता फॉन्ट निवडला ते छापलं जातं, तिकडे एक नजर टाकावी. संवादाची उपशीर्षकं मात्र चित्रात भाजूच नयेत असं मला वाटतं. ती वेगळी फाइल म्हणून द्यावीत, म्हणजे चूक सापडली तर मजकूर दुरुस्त करता येतो. भाजायची ती फक्त नावाची आणि विषयाची पट्टी, आणि पट्टी नसलेली मूळ प्रत जपून ठेवायची.

चाचणीसाठी नुसतं ‘मराठी’ लिहून पाहण्यात अर्थ नाही. ‘मराठी’ शेपिंग नसलेल्या साधनातही जवळपास बरोबर दिसते, त्यात उजवी वेलांटीच आहे. मी वापरतो ते वाक्य असं: ‘कऱ्हाडच्या विद्यार्थ्यांनी ॲपवर मूर्तींची चित्रं पाहिली.’ आडवा ‘र’, रफाराखाली जोडाक्षर, ‘ॲ’, डोक्यावरचा ढीग, डाव्या वेलांट्या, सगळं त्यात येतं. हे वाक्य चॅटमध्ये, कॅप्शनच्या चौकटीत आणि पट्टीत तिन्हीकडे टाकून, रेकॉर्ड करून पाहिलं की कोणती जागा कच्ची आहे ते लगेच कळतं.

उरतात ती हार्डवेअरची साधनं: सभागृहातला रेकॉर्डर, चित्र मिसळणारी पेटी, नाव आणि वेळ चढवणारा कॅमेरा. त्यांचे फॉन्ट आणि अक्षर काढायची पद्धत आत पक्की केलेली असते. मेनूत भाषा म्हणून हिंदी दिसली तरी तो मेनूचा अनुवाद असू शकतो. पट्टीत लिहिलेला मजकूर त्याच वाटेनं काढला जाईल याची खात्री नसते. पायथनमध्ये स्वतः बनवलेल्या साधनांचंही असंच. ओपनसीव्हीचं `putText` देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं देतं, पिलोमध्ये `raqm` नसेल तर वेलांट्या सरकतात. अशा ठिकाणी मजकूर पाठवण्याचा हट्ट सोडून वरची एचटीएमएल पट्टी ब्राउझरमध्ये उघडावी, तिचं पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करावं आणि यंत्राला बोधचिन्ह म्हणून द्यावं. बोधचिन्हाची सोय त्यांच्यात बहुधा असते. वक्ता बदलला की चित्र बदलावं लागतं, म्हणून सगळ्या वक्त्यांच्या पट्ट्या आदल्या दिवशी करून ठेवाव्यात आणि फाइलींना `patti-01.png` अशी रोमन नावं द्यावीत. तारीख आणि घड्याळ मात्र यंत्राच्याच इंग्रजी आकड्यांत राहू द्यावं, कारण ते दर सेकंदाला बदलतं आणि चित्रानं ते साधत नाही.